बाळाची लघवी उलटी किडनीकडे जाते तेव्हा: व्हीयूआर, किडनीवरचे व्रण आणि तपासण्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही माहिती मुख्यतः एका परिस्थितीसाठी आहे: एक वर्षाच्या आतल्या बाळाला तापासह लघवीचं इन्फेक्शन झालं, तपासणीत व्हीयूआर निघाला आणि आता सोनोग्राफी, एमसीयू, डीएमएसए अशी नावं कानावर पडत आहेत. कोणती तपासणी कशासाठी, कधी करायची आणि तिच्यावरून पुढे काय ठरतं, हे इथे सांगितलं आहे. तुमच्या बाळाचे निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचे आहेत.

व्हीयूआरमध्ये नेमकं काय होतं?

किडनीत तयार झालेली लघवी मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. मूत्रवाहिनी मूत्राशयात थेट शिरत नाही. ती त्याच्या भिंतीतून थोडं अंतर तिरकी जाते आणि मग आत उघडते. मूत्राशय भरला किंवा लघवी करताना आकुंचन पावला की भिंतीतला हा तिरका भाग दाबला जातो आणि वाट आपोआप बंद होते. काही बाळांमध्ये हा भाग जन्मतः आखूड असतो. तो नीट दाबला जात नाही आणि लघवी उलटी वर चढते. यालाच रिफ्लक्स किंवा व्हीयूआर म्हणतात. बाळ वाढतं तसा हा भागही लांब होतो. म्हणूनच बऱ्याच बाळांचा रिफ्लक्स ऑपरेशनशिवाय कमी होतो किंवा थांबतो.

दुसरा एक प्रकार आहे. त्यात मूत्राशयाच्या पुढे अडथळा असतो किंवा मूत्राशयाच्या नसा नीट काम करत नाहीत. आतला दाब वाढल्यामुळे लघवी वर ढकलली जाते. या प्रकाराचे उपचार वेगळे असतात. मुलग्यांमध्ये मूत्रमार्गात जन्मतः झडप आहे का, हे पाहिल्याशिवाय 'साधा रिफ्लक्स आहे' असं म्हणू नये.

लघवी उलटी जाते म्हणजे किडनी खराब होणारच का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहे. मूत्राशयातला दाब नेहमीएवढा असेल आणि लघवीत जंतू नसतील, तर नुसत्या उलट्या प्रवाहाने व्रण होत नाही. व्रण होतो तो जंतू असलेली लघवी किडनीच्या आतल्या पेशीजालात शिरली की.

किडनीत लघवी बाहेर सोडणारी छोटी टोकं असतात. त्यांना पॅपिला म्हणतात. बहुतेक टोकं निमुळती असतात आणि त्यांची छिद्रं तिरकी, चिंचोळी असतात. खालून दाब आला की ती मिटतात. किडनीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला मात्र अनेकदा दोन-तीन पॅपिला जोडून एक सपाट टोक झालेलं असतं आणि त्याची छिद्रं उघडीच राहतात. तिथून लघवी सरळ आत जाते. तिच्यासोबत जंतू गेले की सूज येते, शरीर त्या जंतूंशी लढतं आणि या लढाईत मरणाऱ्या पेशींच्या जागी तंतुमय जाळं तयार होतं. तोच व्रण. स्कॅनवर व्रण बहुतेक वेळा किडनीच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला दिसतात, त्याचं कारण हेच.

रिफ्लक्स किती जोराचा आहे हे एक ते पाच अशा ग्रेडमध्ये मोजतात. ग्रेड जितकी जास्त, तितका व्रणाचा धोका जास्त, हे खरं आहे. पण रिफ्लक्स अजिबात नसलेल्या बाळालाही ताप आणणाऱ्या इन्फेक्शननंतर व्रण होऊ शकतो. उलट ग्रेड चारचा रिफ्लक्स असूनही दोन्ही किडन्या स्वच्छ असलेली बाळं दिसतात. म्हणून 'रिफ्लक्स किती आहे?' आणि 'किडनीला इजा झाली आहे का?' हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या तपासण्या देतात.

मग धोका नेमका कशाने वाढतो?

मुख्यतः दोन गोष्टींनी. पहिली, तापासह इन्फेक्शन पुन्हा होणं. पहिल्या इन्फेक्शनपेक्षा दुसऱ्यानंतर व्रणाची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. दुसरी, अँटिबायोटिक सुरू व्हायला झालेला उशीर. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात, ज्या मुलांना व्रण झाले त्यांच्यात ताप सुरू झाल्यापासून औषध मिळेपर्यंतचा मध्यक काळ ७२ तास होता. व्रण न झालेल्यांत तो ४८ तास होता.

यातली पहिली गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात नाही. दुसरी बरीचशी आहे, आणि व्हीयूआर असलेल्या बाळाच्या घरात तीच सगळ्यात उपयोगी पडते.

सोनोग्राफी नॉर्मल आली. तरी पुढच्या तपासण्या का सुचवतात?

सोनोग्राफी किडनीचा आकार, आतली फूग, मूत्रवाहिनी रुंद झाली आहे का आणि मूत्राशयाची भिंत जाड आहे का, हे दाखवते. उलटा प्रवाह ती दाखवत नाही. रिफ्लक्स सतत चालू नसतो. सोनोग्राफी चालू असताना लघवी वर चढलीच नाही, तर सगळं ठीक दिसतं. रिफ्लक्स बराच असलेल्या बाळांतही ती नॉर्मल येऊ शकते. छोटे व्रणही तिच्यात सुटतात.

उलटा प्रवाह दिसतो तो एमसीयूत, म्हणजे मूत्राशयात नळीने द्रव्य भरून एक्स-रे चित्रं घेण्याच्या तपासणीत. तरीही प्रत्येक बाळाची एमसीयू करावी असं आता कोणी सरसकट म्हणत नाही. २०११ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने पहिल्या तापाच्या इन्फेक्शननंतर आधी सोनोग्राफी करावी, आणि त्यात फूग, व्रण किंवा अडथळ्याची खूण दिसली किंवा इन्फेक्शन पुन्हा झालं तरच एमसीयू करावी, अशी शिफारस केली. ब्रिटनच्या नाइस संस्थेचं मार्गदर्शन वय आणि इन्फेक्शनचं रूप दोन्ही पाहतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात इन्फेक्शन वेगळ्या स्वरूपाचं असेल किंवा पुन्हा होत असेल, तर ते जास्त तपासण्या सांगतं. वेगळं स्वरूप म्हणजे बाळ खूप आजारी असणं, लघवीची धार कमी असणं, ४८ तासांत औषधाला प्रतिसाद न मिळणं किंवा ई. कोलाय सोडून दुसरा जंतू निघणं. म्हणून दोन डॉक्टरांनी दोन वेगळे सल्ले दिले तर त्यातला एक चुकीचाच असेल असं नाही. माझं मत विचाराल, तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या सोनोग्राफीत काहीही खटकलं की एमसीयू लांबवू नये.

एमसीयूमध्ये काय करतात? बाळाला खूप त्रास होतो का?

मूत्रमार्गातून एक बारीक नळी मूत्राशयात घालतात. नळीतून एक्स-रेवर दिसणारं द्रव्य हळूहळू सोडतात. मूत्राशय भरताना आणि बाळ लघवी करताना चित्रं घेतात. द्रव्य किती सोडायचं हे वयावरून काढतात. एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी सोपं सूत्र आहे: ३८ अधिक २.५ गुणिले वय महिन्यांत. म्हणजे पाच महिन्यांच्या बाळात साधारण ५० मिली. ते खूप जोरात सोडलं तर दाबामुळेच चुकीचं चित्र दिसू शकतं, आणि फार कमी सोडलं तर रिफ्लक्स दिसत नाही. बाळाने नळीच्या कडेने लघवी केली की काही ठिकाणी मूत्राशय पुन्हा भरतात, कारण पहिल्या फेरीत न दिसलेला रिफ्लक्स दुसऱ्या फेरीत दिसू शकतो.

लघवी करतानाचं चित्र घेतलंच पाहिजे. बराचसा रिफ्लक्स फक्त तेव्हाच दिसतो, आणि मुलग्यांमध्ये मूत्रमार्गाचं बाजूने घेतलेलं चित्र नसेल तर झडप आहे की नाही हे सांगताच येत नाही. रिपोर्टमध्ये 'लघवी करतानाच्या फिल्म घेता आल्या नाहीत' असं लिहिलं असेल, तर 'रिफ्लक्स नाही' या निष्कर्षावर पूर्ण विसंबू नका.

नळी घालताना बाळ रडतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत लघवी करताना थोडी जळजळ होऊ शकते. नळीमुळे इन्फेक्शन होऊ नये म्हणून त्या दिवसांत अँटिबायोटिक देतात. लघवीत जंतू असताना ही तपासणी करत नाहीत. औषधाने इन्फेक्शन आटोक्यात आलं आणि ताप उतरला की करता येते, महिनाभर थांबावं लागत नाही. किरणोत्सर्ग टाळायचा असेल तर काही केंद्रांत विशेष द्रव्य वापरून सोनोग्राफीवरच हीच तपासणी करतात. नळी मात्र तिथेही लागते.

ग्रेड एक ते पाच म्हणजे काय?

१९८५ मध्ये ठरलेली ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. एकमध्ये लघवी फक्त मूत्रवाहिनीत चढते. दोनमध्ये ती किडनीच्या पोकळीपर्यंत जाते, पण काही फुगत नाही. तीनमध्ये मूत्रवाहिनी आणि पोकळी थोडी फुगते. चारमध्ये फूग जास्त असते, मूत्रवाहिनी वेडीवाकडी दिसते आणि पोकळीच्या टोकदार कडा बोथट होतात. पाचमध्ये मूत्रवाहिनी खूप फुगून नागमोडी होते आणि आतल्या पॅपिलांच्या खुणा पुसल्या जातात.

तीन आणि चार यांच्यामधली सीमा धूसर आहे. तीच फिल्म दोन रेडिओलॉजिस्टनी वेगवेगळ्या ग्रेडची ठरवणं नवलाचं नाही. म्हणून 'तीनचा चार झाला' असं दिसलं तरी आधीच्या आणि आताच्या फिल्म शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय घाबरू नका.

डीएमएसए स्कॅनसाठी चार ते सहा महिने थांबायला सांगतात. एवढं का? किडनी तोवर बिघडली तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर समजलं तर बाकी पाठपुरावाही समजतो.

डीएमएसए स्कॅनमध्ये अगदी थोडं किरणोत्सर्गी टेक्नेशियम जोडलेलं द्रव्य शिरेतून देतात. किडनीच्या बाहेरच्या थरातल्या काम करणाऱ्या पेशी ते ओढून घेतात आणि धरून ठेवतात. दोन ते चार तासांनी कॅमेऱ्याखाली चित्रं काढतात. जिथे पेशी काम करत आहेत तिथे किडनी उजळ दिसते, जिथे करत नाहीत तिथे फिकी. शिवाय दोन्ही किडन्यांनी किती किती द्रव्य घेतलं याची टक्केवारी मिळते. एका बाजूला ४५ ते ५५ टक्के असेल तर ते सामान्य समजतात.

अडचण अशी की सुजलेल्या पेशीही द्रव्य नीट ओढत नाहीत. इन्फेक्शनच्या आठवड्यात स्कॅन केला तर सुजलेली जागा आणि कायमचा व्रण दोन्ही फिकेच दिसतात. २०१० मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, पहिल्या इन्फेक्शननंतर लगेच स्कॅन केलेल्या मुलांपैकी ५७ टक्क्यांमध्ये किडनीवर परिणाम दिसला. काही महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये व्रण १५ टक्क्यांत होता. म्हणजे सुरुवातीला दिसलेल्या बहुतेक फिक्या जागा बऱ्या झाल्या. घाईने केलेल्या स्कॅनवरून 'व्रण आहे' असं ठरवलं, तर ते बहुधा चुकीचं ठरेल आणि तो शिक्का फाइलमध्ये कायम राहील.

थांबण्याच्या काळात किडनी बिघडू नये म्हणून काय करायचं, हे स्कॅनवर अवलंबून नसतं. रिफ्लक्स जास्त असेल तर इन्फेक्शन टाळायला रोजचं अँटिबायोटिक चालू असतं, ताप आला की लघवी तपासली जाते. स्कॅन लवकर केल्याने यातलं काहीच बदलत नाही. थांबायच्या काळात इन्फेक्शन पुन्हा झालं तर मात्र घड्याळ नव्याने सुरू होतं आणि चार-सहा महिने त्या दिवसापासून मोजायचे.

इन्फेक्शनच्या दिवसांतच स्कॅन करण्याचीही एक पद्धत आहे. त्यामागचा विचार असा: तेव्हा किडनी स्वच्छ असेल तर गंभीर रिफ्लक्सची शक्यता कमी, मग एमसीयू वाचवता येते. काही केंद्रांत हे चालतं. पण हे उत्तर 'आता एमसीयू करावी का' याचं आहे, 'व्रण राहिला का' याचं नाही.

स्कॅनसाठी बाळाला भूल द्यावी लागते का?

बहुतेक लहान बाळांना नाही. दूध पाजून, गुंडाळून, झोपेच्या वेळी नेलं तर ती चित्रं काढेपर्यंत झोपतात. बाळ हललं तर कडा पुसट होतात आणि पुसट कड कधी कधी व्रणासारखी दिसते. म्हणून चित्रं काढताना बाळ झोपलेलं असेल असं पाहा.

'किडनी जन्मतःच लहान आहे' असं सांगितलं. म्हणजे व्रण नाही का?

स्कॅनवर दोन्ही फिके दिसतात, पण कारण वेगळं असतं. गर्भात असतानाच किडनीची घडण कमी झाली, तर तिला जन्मजात अविकसित किडनी म्हणतात. ग्रेड चार-पाचचा रिफ्लक्स असलेल्या मुलग्यांमध्ये हे जास्त दिसतं. एकही इन्फेक्शन झालेलं नसताना ती लहान असते. तिची बाह्यरेषा सहसा गुळगुळीत असते, संपूर्ण किडनी एकसारखी छोटी आणि फिकी दिसते. इन्फेक्शनने झालेला व्रण एखाद्या ठिकाणी, बहुधा टोकाला, आत खचलेली कड घेऊन दिसतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण जन्मजात लहान किडनीला कोणताही उपचार मोठी करू शकत नाही, आणि त्यासाठी कोणी काही चुकलेलं नसतं. अनेक बाळांमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र असतात आणि किती भाग कशाचा, हे एका स्कॅनवरून वेगळं करता येत नाही. अशा वेळी इन्फेक्शनच्या आधीची, गरोदरपणातली सोनोग्राफी कामी येते. ती शोधून आणा.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

हे एक बनवलेलं उदाहरण आहे, पण असं बाळ कोणत्याही बालरुग्ण विभागात भेटेल.

पाच महिन्यांची मुलगी, वजन ६.४ किलो. दोन दिवस १०२.५ फॅरनहाइटपर्यंत ताप, सर्दी नाही, खोकला नाही, दूध कमी पिते. पिशवी लावून घेतलेल्या लघवीत पू पेशी दिसल्या. पिशवीतल्या लघवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात, म्हणून कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी, ती न वापरता नळीने ताजा नमुना घेतला. त्यात एक लाखाहून जास्त ई. कोलाय वाढले. शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं, ३६ तासांत ताप उतरला.

त्याच आठवड्यातल्या सोनोग्राफीत डावी किडनी ६.३ सेंमी, उजवी ६.० सेंमी. डाव्या बाजूची पोकळी थोडी फुगलेली आणि मूत्राशयाजवळ मूत्रवाहिनी दिसत होती. डावी मोठी आहे म्हणून सुटकेचा श्वास टाकावा असं वाटेल. पण सुजलेली किडनी मोठीच दिसते. सहा आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा केली, तेव्हा डावी ५.५ आणि उजवी ६.१ सेंमी होती. आकाराची तुलना करायची ती सूज उतरल्यावरच.

एमसीयूत डाव्या बाजूला ग्रेड चार, उजव्या बाजूला ग्रेड एक निघाला. मूत्राशय आणि मूत्रमार्ग नीट. इन्फेक्शन पुन्हा होऊ नये म्हणून रोज रात्री ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथोक्साझोल या अँटिबायोटिकचा एक छोटा डोस सुरू केला.

इन्फेक्शननंतर पाच महिन्यांनी, बाळ दहा महिन्यांचं असताना डीएमएसए केला. डावी किडनी ३९ टक्के, उजवी ६१. डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला खचलेली कड होती, बाकी भाग बऱ्यापैकी उजळ. ही खाच व्रणासारखी आहे. पण डावी किडनी एकूणच थोडी लहान आहे, त्यामुळे काही वाटा जन्मतः कमी घडण झाल्याचाही असू शकतो. दोन्हींचा हिशेब वेगळा करण्याचा हट्ट धरू नये. उपयोगाची गोष्ट ही की आता एक आधाररेषा मिळाली: वरच्या टोकाला एक खाच, ३९ टक्के. यापुढे कधी स्कॅन झाला तर तो याच्याशीच ताडायचा.

पुढे दोन वाटा आहेत. औषध चालू असताना बाळाला पुन्हा तापाचं इन्फेक्शन झालं, तर त्यानंतर पुन्हा डीएमएसए करतात. खालच्या टोकाला नवी खाच दिसली किंवा डाव्या बाजूची टक्केवारी चांगलीच घसरली, तर ऑपरेशनची चर्चा सुरू होते. इन्फेक्शन झालंच नाही, तर डीएमएसए पुन्हा करण्याचं कारण नाही. अधूनमधून सोनोग्राफी पुरते आणि एमसीयू दीड-दोन वर्षांनी, रिफ्लक्स किती उतरला ते पाहायला.

रोजचं अँटिबायोटिक खरंच उपयोगी आहे का?

इन्फेक्शन टाळायला, हो. व्रण टाळायला ते सिद्ध झालेलं नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या रिव्हर अभ्यासात इन्फेक्शन झालेली आणि ग्रेड एक ते चारचा रिफ्लक्स असलेली ६०७ मुलं होती. औषध घेणाऱ्यांत पुन्हा इन्फेक्शन होण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. व्रण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच, सुमारे १० ते १२ टक्के होते. आणि औषध घेत असताना जे इन्फेक्शन झालं त्यातले जंतू औषधाला दाद न देणारे असण्याचं प्रमाण खूप जास्त होतं.

२०२३ च्या युरोपातल्या प्रेडिक्ट अभ्यासात, आधी कधीच इन्फेक्शन न झालेली आणि ग्रेड तीन ते पाच असलेली पाच महिन्यांच्या आतली बाळं होती. औषधामुळे पहिलं इन्फेक्शन होण्याचं प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांवरून २१ वर आलं. दोन वर्षांनंतर व्रणांमध्ये फरक दिसला नाही.

म्हणून ग्रेड एक-दोनच्या, एकच इन्फेक्शन झालेल्या बाळाला औषध न देता नजर ठेवणं वाजवी आहे. ग्रेड तीनच्या वर, विशेषतः आधीच व्रण असेल तर, पहिल्या एक-दोन वर्षांसाठी औषध द्यावं याकडे माझा कल आहे. पण तुम्ही नको म्हणालात तर त्यात बेजबाबदार काही नाही, फक्त ताप आल्यावर धावपळीची तयारी ठेवा.

डोस किती आणि काय चुकतं?

वरच्या मुलीला ट्रायमेथोप्रिम भागाचं २ मिग्रॅ प्रति किलो म्हणजे १२.८ मिग्रॅ लागतं. ५ मिलीत ४० मिग्रॅ ट्रायमेथोप्रिम असलेल्या सिरपचे ते १.६ मिली होतात. दहा महिन्यांची झाली तेव्हा वजन ८.४ किलो, म्हणजे २.१ मिली. पण चिठ्ठीवर पाच महिन्यांपूर्वीचाच आकडा असतो आणि तोच चालू राहतो. ही चूक नेहमी होते. प्रत्येक भेटीत वजन मोजून डोस नव्याने लिहून घ्या, आणि बाटलीवरची तीव्रता पाहूनच मिली ठरवा.

जन्मानंतरचे पहिले दोन महिने हे औषध देत नाहीत, कारण काविळीचा त्रास वाढू शकतो. त्या वयात बहुधा सेफालेक्सिनसारखं दुसरं औषध देतात. डोस रात्री झोपण्यापूर्वी देतात, कारण तेव्हा लघवी मूत्राशयात जास्त वेळ राहते.

ताप आला तर घरी नेमकं काय करायचं?

दुसरं ठोस कारण दिसत नसेल तर त्याच दिवशी लघवी तपासून घ्यायची. उद्यापर्यंत बघू, असं नाही. लहान बाळात ताप हेच एकमेव लक्षण असू शकतं. कधी फक्त दूध सोडणं, उलट्या, चिडचिड किंवा अगदी छोट्या बाळात कावीळ एवढंच असतं. 'लघवीला वास येतोय' यावर विसंबू नका. वास नसतानाही इन्फेक्शन असतं.

अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी नमुना नळीने किंवा निदान स्वच्छ पुसून मधल्या धारेचा घ्यायला सांगा. पिशवीतला नमुना स्वच्छ निघाला तर इन्फेक्शन नाही असं बहुतेक म्हणता येतं. त्यात जंतू निघाले तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. चुकीच्या कल्चरवरून 'पुन्हा इन्फेक्शन झालं' अशी नोंद झाली, तर तीवरून एखादं नको असलेलं ऑपरेशनही ठरू शकतं.

आणखी एक: वरचं अन्न सुरू झालं की बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. भरलेलं आतडं मूत्राशय नीट रिकामं होऊ देत नाही.

रिफ्लक्स आपोआप जाईल का, आणि ऑपरेशन कधी?

ग्रेड एक-दोनचा बहुतेक पाच वर्षांत जातो. तीन-चारचा बऱ्याच मुलांमध्ये कमी होतो, पण वेळ लागतो. दोन्ही बाजूंचा पाचचा क्वचितच पूर्ण जातो. वर्षाच्या आत सापडलेल्या बाळांची शक्यता मोठ्या मुलांपेक्षा चांगली असते.

औषध चालू असूनही तापाची इन्फेक्शनं होत राहिली किंवा स्कॅनवर नवे व्रण आले, तर ऑपरेशनचा विचार करतात. एका पद्धतीत दुर्बिणीतून मूत्रवाहिनीच्या तोंडाखाली एक जेल भरतात. दुसरीत मूत्रवाहिनी सोडवून मूत्राशयाच्या भिंतीत लांब बोगदा करून पुन्हा बसवतात. दुसरी जास्त खात्रीची आहे, पहिली हलकी. ऑपरेशनने रिफ्लक्स थांबतो आणि तापाची इन्फेक्शनं कमी होतात, पण झालेला व्रण भरून येत नाही. आणि आधीच्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासांत ऑपरेशन केलेल्या आणि औषधावर ठेवलेल्या मुलांमध्ये नव्या व्रणांचं प्रमाण फारसं वेगळं नव्हतं.

व्रण राहिला तर पुढे काय तपासायचं?

वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, उंची आणि वजन. दोन्ही किडन्यांत व्रण असतील तर रक्तातलं क्रिएटिनिनही. एकाच किडनीत छोटा व्रण आणि दुसरी किडनी नीट असेल, तर बहुतेक मुलं सामान्यपणे वाढतात. पण रक्तदाब मोठेपणीही वाढू शकतो, म्हणून मोजणं थांबवायचं नाही. बाळाचा रक्तदाब घेताना पट्टा दंडाच्या मापाचाच हवा. लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो आणि उगाच धावपळ होते.

भावंडांचीही तपासणी करावी का?

भावंडांपैकी सुमारे चारांत एकाला रिफ्लक्स असू शकतो, पण त्यातल्या बहुतेकांना त्यामुळे काहीच त्रास होत नाही. लक्षणं नसलेल्या भावंडाची सोनोग्राफी करून पाहणं ठीक आहे. एमसीयू सरसकट करू नये. तापासह लघवीचं इन्फेक्शन झालं तर मात्र लगेच सांगा.

कोणते कागद जपून ठेवायचे?

रिपोर्टपेक्षा चित्रं जपा. एमसीयूच्या फिल्म आणि डीएमएसएची मूळ चित्रं सीडीवर किंवा फोनमध्ये मागून घ्या. प्रत्येक कल्चर रिपोर्टवर नमुना कसा घेतला, म्हणजे नळीने की पिशवीने, हे लिहून ठेवा, आणि ताप कधी सुरू झाला व औषध कधी सुरू झालं याच्या वेळा टाका. डॉक्टर बदलले तर सगळ्यात आधी हेच विचारलं जातं, आणि नुसत्या 'डावीकडे व्रण' या दोन शब्दांवरून खाच जुनी आहे की नवी, हे कुणालाच सांगता येत नाही.